विवाह-क्रमपत्रक

लग्नाच्या दिवशीची कामे वेळ, काम घेणारा व्यावसायिक आणि जबाबदार व्यक्ती यांनुसार मांडणारा तक्ता. बोलण्यात त्यालाही ‘लग्नाची यादी’ म्हणतात, त्यामुळे ‘याद्या’ या रीतीशी त्याची गल्लत होते.

याद्यांमध्ये दोन्हीकडचे देणेघेणे, मानपान आणि खर्चाची वाटणी लिहून वडीलधारी माणसे सह्या करतात व कागदाला हळदकुंकू लावतात. क्रमपत्रक हा याद्यांचाच विस्तार आहे, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार नाटक व दूरचित्रवाणीतील प्रसंगक्रमाचा तक्ता समारंभ-व्यवस्थापकांमार्फत लग्नात आला. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण याद्यांत वेळेचा रकानाच नसतो. वेळेचे भान मात्र बरेच जुने आहे. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी, म्हणजे घटिकापात्र, पाण्यावर सोडत. ती एका घटिकेत, म्हणजे २४ मिनिटांत बुडे आणि त्यावरून मुहूर्त साधला जाई.

क्रमपत्रकातही मुहूर्ताची ओळ अढळ असते; बाकीच्या तिच्यापासून उलट मोजत लावतात. समजा, मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा आहे. अंतरपाट त्याच क्षणी दूर व्हायचा असल्याने मंगलाष्टके साधारण १२.२० ला सुरू झाली पाहिजेत. म्हणजे १२.१० ला मामाने वधूला गौरीहरापासून उठवायचे आणि त्याआधीच अक्षता वाटून झालेल्या असायच्या. गौरीहर पूजेला ११.३० ला बसायचे, तर साडी, केस व मेकअप ११.१५ पर्यंत आटोपायला हवेत. कन्यादान, सप्तपदी यांचा क्रम घराण्यागणिक बदलतो; म्हणून तो गुरुजींना विचारूनच लिहावा.

आधी वह्या, चिठ्ठ्या आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप एकाच तक्त्यात उतरवतात: एका ओळीत एकच काम. जबाबदाराच्या रकान्यात ‘मुलीकडचे’ असे लिहू नये, एकाच माणसाचे नाव हवे. सर्वांवर सोपवलेले काम नेमके राहून जाते. मग हाच तक्ता तीन प्रकारे लावतात. वेळेनुसारची प्रत कार्यालयात सूत्रे सांभाळणाऱ्याकडे असते. व्यावसायिकानुसार लावलेल्या प्रतीतून आचारी, मंडपवाले, छायाचित्रकार यांना आपापल्याच ओळी मिळतात. व्यक्तीनुसार लावल्यावर चुका उघड्या पडतात. वरील उदाहरणात १२.१० ला मामाच्याच नावावर ‘आचाऱ्याला पंगतीचा अंतिम आकडा देणे’ हेही निघाले. वेळेच्या प्रतीत या दोन ओळींमध्ये त्याच वेळेच्या सनईवाले आणि छायाचित्रकार यांच्या ओळी होत्या, त्यामुळे ते कोणाच्या नजरेला आले नव्हते. आकड्याचे काम आत्येभावाकडे देऊन ११.४५ वर आणले, तेव्हा पेच सुटला.

नंतरचा कोणताही बदल मूळ तक्त्यातच करून तिन्ही प्रती नव्याने काढाव्या लागतात. हाताने एकच प्रत दुरुस्त केली की आचाऱ्याकडची वेळ वेगळी आणि घरच्यांची वेगळी होते. वरातीचा उशीर तक्त्याने टळत नाही. त्यासाठी सीमांतपूजनानंतर अर्धा तास मोकळा सोडतात.