नव्या गेमिंग पीसीसाठी पॉवर सप्लाय निवडताना

पीसी जुळवायला येणारे बहुतेक ग्राहक आधी ग्राफिक्स कार्ड ठरवतात आणि उरलेल्या पैशांत बसेल तो पॉवर सप्लाय घेतात. कार्ड आधी ठरवण्यात काही गैर नाही, कारण सप्लायचा हिशेब तिथूनच सुरू होतो. 'उरलेल्या पैशांत' या भागाला मात्र आमची हरकत आहे.

किती वॉट?

समजा, तुम्ही आरटीएक्स ५०७० टीआय कार्ड आणि रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर घेताय. कार्ड ३०० वॉटपर्यंत खेचते. प्रोसेसरच्या खोक्यावर १२० वॉट लिहिलेले असते, पण सॉकेटमधून तो १६२ वॉटपर्यंत घेऊ शकतो, म्हणून हिशेबात १६२ धरा. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे मिळून ६० वॉट धरले तर बेरीज ५२२ होते.

मग ५५० वॉटचा सप्लाय का नको? कारण ३०० हा कार्डचा सरासरी आकडा आहे. खेळातले दृश्य बदलते तेव्हा कार्ड काही मिलिसेकंदांसाठी त्याच्या कितीतरी वर उसळी घेते. सप्लायला ती उसळी धोक्याची वाटली की तो स्वतःला बंद करतो आणि ऐन खेळात पडदा काळा होतो. या जोडणीसाठी आम्ही ७५० वॉट सुचवतो. कार्डची कंपनीही तेवढाच सांगते. त्यात नेहमीचा भार सुमारे ७० टक्क्यांवर राहतो आणि पंखाही फार ओरडत नाही. हजार वॉटचा घेतल्याने नुकसान काही नाही, फक्त पुढे मोठे कार्ड घालायचे नसेल तर ते पैसे पडून राहतात.

खोक्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेले पाहा. अशाच उसळ्या लक्षात घेऊन हे नियम केले आहेत. त्यांनुसार ४५० वॉटच्या वरच्या सप्लायने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद पेलला पाहिजे.

'८० प्लस गोल्ड' हा शिक्का वेगळीच गोष्ट सांगतो. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वाया जाते, एवढेच त्यातून कळते. आतली संरक्षणे कशी आहेत याबद्दल तो काही सांगत नाही.

कनेक्टर

आम्हाला सर्वात जास्त काळजी इथली वाटते. या कार्डला १६ पिनांचा कनेक्टर लागतो. त्याच्या नव्या रूपाला १२व्ही-२×६ म्हणतात. त्यात ओळख पटवणाऱ्या चार छोट्या पिना जुन्यापेक्षा आखूड केल्या आहेत, त्यामुळे प्लग पुरता आत गेला नसेल तर कार्डला वीज घेण्याची परवानगीच मिळत नाही. तरी 'टक्' आवाजावर विसंबू नका. टॉर्च धरून बघा, प्लग आणि कार्ड यांच्यात फट दिसता कामा नये. प्लगपासून साधारण ३५ मिलिमीटर वायर सरळ ठेवा, मग वळवा. कॅबिनेटच्या काचेने वायर दाबली जात असेल तर कॅबिनेट बदललेले बरे.

सप्लायला १६ पिनांची केबल नसेल तर कार्डसोबतच्या अडॅप्टरला ८ पिनांचे प्लग जोडावे लागतात. प्रत्येकाला १५० वॉट हे प्रमाण आहे. अडॅप्टरला जितकी तोंडे तितक्या स्वतंत्र केबली सप्लायपासून आणा. एकाच केबलला पुढे दोन प्लग फुटलेले असतात, ते दोन्ही वापरले की सगळा भार त्या एका केबलवर येतो.

आणि जुन्या मॉड्युलर सप्लायच्या केबली नव्याला लावू नका, अगदी कंपनी तीच असली तरी. सप्लायच्या बाजूच्या पिनांचा क्रम ठरलेला नसतो. प्लग निमूट बसतो आणि सुरू करताच एसएसडी जळते.

संरक्षण

माहितीपत्रकात ओव्हीपी, यूव्हीपी, ओसीपी, ओपीपी, एससीपी आणि ओटीपी ही सहाही नावे हवीत. म्हणजे अनुक्रमे जास्त व्होल्टेज, कमी व्होल्टेज, जास्त करंट, एकूण जास्त भार, शॉर्टसर्किट आणि जास्त तापमान. स्वस्त मालात बहुधा ओटीपी गाळलेले असते. पंखा अडकला तर तेच कामी येते.

पण यांची मर्यादाही ओळखा. ३०० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर २५ अँपिअर, आणि तो सहा वायरींत वाटला तर प्रत्येकीत चारच्या आसपास. दोन पिना ढिल्या राहिल्या तर उरलेल्या चारांवर सहा-सहा अँपिअर येतो आणि त्या तापतात. सप्लाय मात्र सहसा एकूण करंट मोजतो. ७५० वॉटच्या सप्लायची १२ व्होल्टची क्षमता साठ अँपिअरच्या आसपास असते, त्यामुळे त्याच्या दृष्टीने सगळे आलबेल असते. ही चूक पकडण्याचे काम तुमच्या डोळ्यांनाच करावे लागते.

पीसी फक्त खेळतानाच अचानक बंद पडत असेल आणि सप्लायची कळ मागून बंद करून पुन्हा चालू केल्यावरच उठत असेल, तर बहुधा संरक्षण लागू झालेले असते. तो परत परत चालू करून पाहू नका. प्लग तपासा, आणि प्लॅस्टिक पिवळे-तपकिरी पडलेले दिसले तर कार्ड आणि केबल दोन्ही आमच्याकडे घेऊन या.