नकाशा सगळ्यांकडे, हिशोब ज्याचा त्याचा: लिंक-स्टेट राउटिंगची पार्श्वभूमी

इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या पहिल्या दहा वर्षांत कोणत्याही नोडला पूर्ण जाळ्याचा नकाशा माहीत नसायचा. साधारण दर दोन-तृतीयांश सेकंदाला शेजारी आपापले अंतराचे तक्ते एकमेकांना देत आणि प्रत्येक जण शेजाऱ्याच्या आकड्यात आपला आकडा मिळवी. आकडा शेजाऱ्याकडे कुठून आला, हे मात्र कळायला मार्ग नव्हता. लिंक तुटली की दोन नोड एकमेकांच्याच जुन्या आकड्यावर विसंबून राहत आणि पॅकेट त्यांच्यात फिरत बसे.

मे १९७९ मध्ये बीबीएन कंपनीच्या मॅक्विलन, रिचर आणि रोझेन यांनी ही पद्धत बदलली. अंतरे वाटायची नाहीत. प्रत्येक नोडने फक्त स्वतःच्या लिंकची कॉस्ट, तेव्हा ती दहा सेकंदांत मोजलेल्या विलंबाची सरासरी होती, सगळ्या जाळ्यात पसरवायची. त्यातून प्रत्येकाकडे सारखाच नकाशा तयार होतो आणि मार्ग ज्याचा त्याने काढायचा. हेच लिंक-स्टेट राउटिंग. मार्ग काढायची रीत आधीच हाताशी होती. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी ती १९५६ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये अरमॅक संगणकाच्या प्रात्यक्षिकासाठी योजली आणि १९५९ मध्ये छापली.

पाच राउटरांचे जाळे घेऊ:

```
क–ग 1    क–ख 4    ग–ख 2
ग–घ 8    ख–घ 5    घ–च 3
```

हिशोब क करतो आहे. त्याच्याकडे दोन याद्या असतात, पक्की आणि कच्ची. पक्क्या यादीत सुरुवातीला तो एकटाच, अंतर ०. कच्च्या यादीत त्याचे शेजारी: ग १, ख ४. नियम एकच: कच्च्यातला सर्वांत लहान आकडा उचलून पक्का करायचा, मग त्याच्या शेजाऱ्यांची अंतरे तपासायची.

ग पक्का झाला, १ वर. त्याच्यामार्फत ख फक्त ३ वर येतो, म्हणून आधीचे ४ खोडले जातात. घ प्रथमच दिसतो, ९ वर. पुढे ख पक्का, ३ वर. त्याच्यामार्फत घ ८ वर उतरतो. मग घ पक्का आणि शेवटी च, ११ वर. पक्का झालेला आकडा पुन्हा उघडावा लागत नाही, कारण कच्च्या यादीतले बाकीचे सगळे तेवढेच किंवा जास्त दूर असतात आणि कॉस्ट कधी ऋण नसते. ही अट गेली तर रीतच कोसळते.

एवढे करून क फॉरवर्डिंग तक्त्यात पूर्ण मार्ग लिहीत नाही, फक्त पुढचा टप्पा लिहितो. इथे तो चौघांसाठीही ग आहे. पुढचे ग बघून घेईल, असा हा विश्वास. आणि तो दोघांचा नकाशा एकच असेपर्यंतच खरा.

समजा ग–ख लिंक तुटली. ग ला ते लगेच कळते. त्याचा नवा हिशोब: क मार्फत ख ५ वर, घ मार्फत १३ वर. तो ख चे पॅकेट क कडे देतो. बातमी अजून क पर्यंत पोहोचलेली नसेल, तर क ते पुन्हा ग कडे पाठवतो. दोघांचाही हिशोब बिनचूक, तरी लूप. ट्रेसराउटमध्ये हेच दोन पत्ते आलटून-पालटून दिसले की ओळखावे. बातमी पोहोचून हिशोब झाला की क ला ख थेट ४ वर मिळतो, आणि घ दोन्ही वाटांनी ९ वर. ओएसपीएफ ही आजची लिंक-स्टेट राउटिंग पद्धत अशा वेळी सहसा दोन्ही वाटा ठेवते.

म्हणजे खरी जोखीम नकाशात आहे. २७ ऑक्टोबर १९८० रोजी तिच्यापायी अर्पानेट काही तास बंद पडले. बातमी नवी की जुनी हे ठरवणारा क्रमांक सहा बिटांचा, ६३ नंतर पुन्हा ० वर येणारा होता. एका नोडची स्मृती बिट गाळू लागली आणि दुसऱ्या एका नोडच्या बातम्या ४४, ४० आणि ८ या क्रमांकांनी फिरू लागल्या. बायनरीत पाहा: १०११००, १०१०००, ००१०००, दर खेपेला एकेक बिट गळलेला. चक्राकार तुलनेत ४० हा ८ पेक्षा नवा, ४४ हा ४० पेक्षा नवा आणि ८ हा ४४ पेक्षा नवा. प्रत्येक नोडला प्रत्येक बातमी ताजी वाटे, म्हणून तो ती पुढे ढकली. त्या दुसऱ्या नोडच्या बातम्या दुर्लक्षित करण्याची दुरुस्ती बाकीच्या नोडांवर चढवली, तेव्हा हे थांबले.

आजच्या ओएसपीएफमध्ये हा क्रमांक ३२ बिटांचा आहे, 0x80000001 पासून सरळ वर जाणारा. शेवट गाठला तर जुनी नोंद आधी जाळ्यातून पुसूनच नवी सुरू होते. जोडीला चेकसम असतो, आणि तासभर ताजी न झालेली नोंद बाद होते. दोन राउटरांवर शंका आली तर `show ip ospf database` मधला Seq# स्तंभ शेजारी-शेजारी ठेवून पाहावा. एकाच एरियात एकाच नोंदीचे क्रमांक वेगळे राहत असतील, तर चूक हिशोबात नाही, बातमी पोहोचण्यात आहे.