बेंझीन : ह्यूकेल पद्धतीने पाय इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा पातळ्या

बेंझिनाच्या सहा कार्बन अणूंवर, वलयाच्या प्रतलाला लंब असा एकेक p कक्षक असतो. या सहा कक्षकांपासून रेणू कक्षक बनवण्याची साधी पद्धत एरिक ह्यूकेल यांनी १९३१ च्या सुमारास मांडली. तिचे श्रेय सामान्यतः त्यांनाच दिले जाते. मात्र नियमित रचनेतील इलेक्ट्रॉनांसाठी ब्लॉख यांनी आधी वापरलेली गणिती युक्तीच त्यांनी वलयाला लावली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

सिग्मा बंधांचा सांगाडा बाजूला ठेवून प्रत्येक कार्बनाची स्वतःची ऊर्जा α आणि शेजारच्या दोन कार्बनांमधील आंतरक्रिया β धरतात. β ऋण असते. दूरच्या अणूंमधील आंतरक्रिया शून्य मानतात, तसेच कक्षकांचे एकमेकांवर पडणेही दुर्लक्षितात. मग ऊर्जा आव्यूह H = αI + βA असा होतो. A मध्ये बंध असेल तिथे १, नसेल तिथे ०:

```
0 1 0 0 0 1
1 0 1 0 0 0
0 1 0 1 0 0
0 0 1 0 1 0
0 0 0 1 0 1
1 0 0 0 1 0
```

सहा घातांचा निर्धारक उलगडत बसण्याची गरज नाही. सर्व अणू समतुल्य असल्याने एका अणूवरून पुढच्या अणूवर जाताना सहगुणक ठरावीक ω पटीने बदलतो असे धरावे. सहा पावलांनी आपण मूळ अणूवर परततो, म्हणून ω⁶ = 1. कोणत्याही ओळीत दोनच शेजारी असल्याने A चे मूल्य ω + 1/ω, म्हणजे 2cos(60k°) येते; k = 0, ±1, ±2, 3. त्यावरून पातळ्या मिळतात: सर्वांत खाली α+2β, मग α+β ची जोडी, α−β ची जोडी आणि वर α−2β.

कोपऱ्यांतले दोन १ लिहायचे राहणे ही नेहमीची चूक. तसे झाले की वलय तुटते आणि उत्तर हेक्झाट्राइनचे येते. पडताळा सोपा आहे: β च्या सहगुणकांच्या वर्गांची बेरीज बंधसंख्येच्या दुप्पट हवी. येथे ४+१+१+१+१+४ = १२, म्हणजे सहा बंध; तुटलेल्या साखळीत ती १० भरते.

सहा इलेक्ट्रॉन खालच्या तीन कक्षकांत बसतात आणि एकूण ऊर्जा 6α+8β होते. तीन सुट्या दुहेरी बंधांची 6α+6β असते, म्हणून विस्थानीकरण ऊर्जा 2β.

β च्या मूल्यावर मात्र मतभेद आहे. सायक्लोहेक्झीनच्या हायड्रोजनीकरणाची उष्णता सुमारे १२० किलोज्यूल प्रतिमोल. तिची तिप्पट ३६०, तर बेंझिनाची प्रत्यक्षात २०८ च्या आसपास. फरक सुमारे १५०, म्हणून |β| ७५ च्या जवळ. वर्णपटावरून हेच मूल्य तिपटीहून अधिक निघते. दोन्ही ठिकाणी एकच β वापरू नये, हे उत्तम. शिवाय भरलेल्या वरच्या जोडीतून रिकाम्या खालच्या जोडीत जाण्यासाठी ही पद्धत 2|β| एवढी एकच ऊर्जा देते, पण बेंझीन अतिनील भागात सुमारे २५५, २०३ आणि १८० नॅनोमीटरला तीन वेगळे शोषणपट्टे दाखवते. इलेक्ट्रॉनांचे परस्पर प्रतिकर्षण हिशेबात न घेतल्याचा हा परिणाम होय.