प्रतिपाद्य विधान (इतिहासविषयक निबंधातील)

इतिहासाच्या निबंधात लेखक नेमकी कोणती भूमिका सिद्ध करणार आहे, ते एका किंवा दोन वाक्यांत सांगणारे विधान. ते बहुधा पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी येते. सातशे ते हजार शब्दांच्या निबंधासाठी तीस ते पन्नास शब्द पुरतात. त्यात तीन गोष्टी असाव्या लागतात : वाद घालता येईल असा दावा, त्या दाव्याचे कारण, आणि तो कोणत्या काळापुरता व कोणत्या प्रदेशापुरता आहे याची मर्यादा. यांपैकी कारण सर्वांत जास्त वेळा राहून जाते, आणि निबंध घटनांची यादी होण्याची सुरुवात तिथूनच होते.

मराठवाड्यातील विद्यार्थ्याला हमखास लिहावा लागणारा विषय म्हणजे हैदराबाद मुक्तिसंग्राम. प्रश्न असा येतो : ‘हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणात लोकलढ्याचा वाटा कितपत होता? चर्चा करा.’ या प्रश्नाला बहुतेक उत्तरपत्रिकांत असे पहिले वाक्य सापडते : ‘स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली जनतेने निजामाविरुद्ध लढा दिला आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला.’ वाक्यात चूक नाही, पण ते प्रश्नाचे उत्तरही नाही. ‘कितपत’ या शब्दाने मोजमाप मागितले होते. इथे दोन घटना ‘आणि’ने जोडून ठेवल्या आहेत. पहिल्या घटनेमुळे दुसरी घडली का, हे लेखकाने सांगितलेलेच नाही.

असे वाक्य ओळखायची साधी परीक्षा म्हणजे त्याला नकार देऊन पाहणे. ‘जनतेने लढा दिला नाही’ असे जाणता माणूस म्हणणार नाही; म्हणजे मूळ वाक्यात वादाला जागा नाही. ‘लोकलढ्याने महत्त्वाची भूमिका बजावली’ हे वाक्यही याच परीक्षेत नापास होते. ‘महत्त्वाची’ हा शब्द भूमिका घेतल्याचा भास निर्माण करतो, मात्र कशासाठी महत्त्वाची आणि कशाच्या तुलनेत, हे झाकून ठेवतो. ‘अनेक कारणांमुळे’ आणि ‘सुवर्णाक्षरांनी लिहिलेला’ हे शब्दही तसेच.

यापुढची पायरी म्हणजे ठाम दावा : ‘हैदराबाद संस्थान लोकलढ्यामुळेच भारतात आले.’ आता वाद घालता येतो, पण दावा टिकत नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, सोलापूरकडून आलेल्या तुकडीची चकमक नळदुर्गजवळ झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. हा घटनाक्रम ‘मुळेच’मधल्या ‘च’ला पेलवत नाही. उलट टोकाचा ‘विलीनीकरण केवळ लष्कराने केले’ हा दावाही अपुराच ठरतो, कारण फौज आली तेव्हा आतली परिस्थिती कशी होती हा प्रश्न तो वगळतो.

म्हणून विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट तथ्य आधी मान्य करावे आणि मग आपला दावा मांडावा. ‘जरी… तरी… कारण…’ हा साचा याला सोयीचा आहे. हा लढा स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसचा होता, हे धरून पहिला कच्चा मसुदा असा होईल :

‘जरी निजामाची सत्ता लष्करी कारवाईने संपली, तरी मराठवाड्यात त्या कारवाईला आक्रमणाऐवजी मुक्तीचे स्वरूप आले, कारण १९४७-४८ मधील स्टेट काँग्रेसच्या लढ्याने गावोगावचा निजामी अंमल आधीच खिळखिळा केला होता आणि विलीनीकरण ही प्रजेची मागणी असल्याचे दाखवून दिले होते.’

इथे निबंधाचा आराखडा विधानातूनच निघतो. लष्कराचा वाटा मान्य करणारा एक परिच्छेद, अंमल खिळखिळा झाल्याचा दुसरा, प्रजेच्या मागणीचा तिसरा. दुसऱ्या परिच्छेदात जकात वसूल करणाऱ्या करोडगिरी नाक्यांवरचे हल्ले, पाटील-पटवाऱ्यांची दप्तरे जाळणे, सीमेपलीकडचे कॅम्प आणि जानेवारी १९४८ मधली उमरी बँकेवरची कारवाई येईल. तिसऱ्यात ७ ऑगस्ट १९४७ चा भारतात सामील व्हा दिन, त्यानंतरचा सत्याग्रह आणि अटका येतील. १९३८ मधली स्टेट काँग्रेसवरची बंदी किंवा वंदे मातरम् चळवळ कितीही आवडीची असली तरी या विधानाला तिची गरज पार्श्वभूमीच्या एका वाक्यापुरतीच आहे. काय गाळायचे हे ठरवून देणे, हे चांगल्या विधानाचे मोठे काम.

यानंतर मसुद्याला त्याच्याच पुराव्यासमोर उभे करावे लागते, आणि हीच पायरी घाईत सुटते. नाक्यांवरचे हल्ले सरहद्दीवरच्या कॅम्पांतून होत. आतल्या तालुक्यांत तसाच परिणाम झाला असे धरता येत नाही. मग ‘गावोगावचा’ हा शब्द जास्तीचे ओझे घेतो. त्याहून गंभीर अडचण ‘मुक्ती’ आणि ‘प्रजा’ या शब्दांची आहे. कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत मुस्लिम वस्तीवर मोठे अत्याचार झाल्याची नोंद, भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने केली. त्या लोकांसाठी ते दिवस मुक्तीचे नव्हते. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या अत्याचारांचा पुरावा भक्कम आहे म्हणून हा पुरावा नाहीसा होत नाही. तो वगळून लिहिलेले विधान परीक्षकाच्या एका प्रश्नात कोसळते. दुरुस्त विधान असे :

‘जरी निजामाची सत्ता लष्करी कारवाईने संपली, तरी मराठवाड्यातील बहुसंख्य प्रजेने ती कारवाई आक्रमण न मानता मुक्ती मानली, कारण १९४७-४८ मधील स्टेट काँग्रेसच्या लढ्याने सरहद्दीलगतच्या तालुक्यांत निजामी अंमल खिळखिळा केला होता आणि विलीनीकरणाची मागणी संस्थानाच्या आतूनच उभी केली होती.’

‘बहुसंख्य’ आणि ‘सरहद्दीलगतच्या तालुक्यांत’ या शब्दांनी दावा लहान झाला, पण प्रत्येक शब्दामागे आता दाखवण्याजोगा पुरावा आहे. दिल्लीने फौज नेमकी का पाठवली, याबद्दल हे विधान काहीही म्हणत नाही, ही त्याची मर्यादा. तो प्रश्न घ्यायचा तर निजाम आणि भारत सरकार यांच्यातला नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार, संस्थानात चोरून येणारी शस्त्रे आणि तेलंगणातील कम्युनिस्टांचा सशस्त्र उठाव यांवर आधारलेले वेगळे विधान लागेल. दोन्ही एकाच निबंधात कोंबली की एकही सिद्ध होत नाही.

विधान निबंधावर खरोखर राज्य करते का, हे पाहण्यासाठी निबंध पूर्ण झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य सलग वाचावे. ‘१९४७ मध्ये…’, ‘त्यानंतर…’, ‘पुढे १९४८ मध्ये…’ अशी सुरुवात दिसली तर परिच्छेद तारखांच्या क्रमाने लागले आहेत आणि विधान पहिल्या पानावरच राहिले आहे. प्रत्येक पहिले वाक्य ‘कारण’नंतरच्या एखाद्या भागाला उत्तर देणारे हवे. लिहिता लिहिता पुरावा दुसरीकडे नेऊ लागला, तर पुरावा वाकवण्याऐवजी विधान बदलावे. परीक्षेत त्यासाठी पहिल्या परिच्छेदाखाली चार-पाच ओळी कोऱ्या सोडाव्यात, आणि विधानाचे अंतिम रूप शेवटचा परिच्छेद झाल्यावर तिथे लिहावे.