रेंडर ग्राफमागची गोष्ट: टारगेट कधी मरतं हे आधीच कळणं

डायरेक्टएक्स ११ च्या काळात लहान इंजिनांत तात्पुरत्या टारगेटांसाठी, म्हणजे फ्रेम रंगवण्याचा एकेक टप्पा, पास, ज्यांत लिहितो त्या टेक्स्चरांसाठी, एक पूल असे. एखादा पास मागणी करी, पूल त्याच मापाचं आणि त्याच फॉरमॅटचं मोकळं टेक्स्चर देई, काम झालं की ते परत जाई. यात एक मोठी गोची होती. माप किंवा फॉरमॅट जरा वेगळा असला, तर मोकळी मेमरी समोर असूनही ती वापरता येत नसे. एका पासने लिहिलेलं टेक्स्चर दुसऱ्याने वाचण्याआधी लागणारी बॅरियर मात्र ड्रायव्हर गुपचूप घालत असे, त्यामुळे त्याची फिकीर नव्हती.

२०१५ मध्ये डायरेक्टएक्स १२ आणि २०१६ मध्ये व्हल्कन आलं आणि दोन्ही बाजू पालटल्या. बॅरियर आपल्यालाच घालाव्या लागल्या, पण एकाच मेमरीवर वेगवेगळ्या मापांची टेक्स्चर ठेवण्याची मुभाही मिळाली. २०१७ च्या जीडीसी या गेम डेव्हलपरांच्या परिषदेत फ्रॉस्टबाइट इंजिनाच्या युरी ओ'डॉनेल यांनी फ्रेमग्राफ नावाचा रेंडर ग्राफ मांडला. त्यात फ्रेमचे तीन टप्पे होते: आधी प्रत्येक पास काय वाचणार, काय लिहिणार हे जाहीर करतो, मग ग्राफ हिशेब करतो, आणि शेवटी काम चालतं. माझ्या मते खरा बदल या पहिल्या टप्प्यात आहे. पूलला टारगेट परत आल्यावरच ते मोकळं झाल्याचं कळे. ग्राफला ते फ्रेम सुरू होण्याआधीच माहीत असतं.

१९२० × १०८० ची एक फ्रेम घ्या. जी-बफरची नॉर्मल आणि अल्बेडो ही दोन टारगेटं पिक्सेलमागे ४ बाइटची, म्हणजे प्रत्येकी सुमारे ८.३ एमबी. त्यांना शेवटचं वाचतो तो लाइटिंग पास. त्यानंतर फोकसबाहेरचा भाग धूसर करणाऱ्या डेप्थ ऑफ फील्डला पिक्सेलमागे ८ बाइटचं तात्पुरतं टारगेट लागतं, म्हणजे १६.६ एमबी. पूल ते नव्याने घेईल. ग्राफ पासांना क्रमांक देतो, प्रत्येक टारगेटचा पहिला आणि शेवटचा वापर टिपतो, आणि आयुष्यं एकमेकांवर येत नाहीत हे पाहून तिसरं टारगेट त्या दोघांच्याच जागेवर बसवतो. अलाइनमेंटपायी थोडी जास्त जागा लागू शकते, म्हणून नेमका आकार ड्रायव्हरलाच विचारावा.

क्रम लावण्यासाठी लहान इंजिनात फार हुशारी लागत नाही. पास ज्या क्रमाने जाहीर केले तोच ठेवायचा, आणि ज्यांचं आउटपुट कुणीच वाचत नाही ते शेवटाकडून मागे जात गाळायचे. एखादा पास असिंक कंप्यूटवर, म्हणजे ग्राफिक्सला समांतर चालणाऱ्या वेगळ्या रांगेत टाकला मात्र क्रमांकांचा हिशेब पुरत नाही. दोन रांगा जिथे पुन्हा जुळतात तिथपर्यंत त्याच्या टारगेटांचं आयुष्य ताणावं लागतं.

नेहमीची चूक म्हणजे नव्या टारगेटमध्ये जुना मजकूर उरणं. व्हल्कनमध्ये पहिल्या वापराआधी जुना लेआउट `VK_IMAGE_LAYOUT_UNDEFINED` धरावा, जुन्या वापराशी मेमरी बॅरियर घालावी, आणि पास प्रत्येक पिक्सेल लिहिणार नसेल तर आधी क्लिअर करावं. हे राहिलं की धूसर भागात नॉर्मलचे निळे-जांभळे चौकोन झळकतात, तेही काही कार्डांवरच. म्हणून मी मेमरी वाटून घेणं बंद करणारा स्विच पहिल्या दिवसापासून ठेवतो. तो दाबल्यावर चौकोन गेले, तर चूक शेडरमध्ये शोधत बसायची गरज नाही.