एक गाणं, पाच आवाज

एक दगड येतो, कॅमेऱ्याच्या काचेला तडा जातो. ‘द वायर’ या अमेरिकी मालिकेच्या टायटल्समधलं हे दृश्य पाचही पर्वांत आहे. त्याच्या आजूबाजूचं बाकी जवळजवळ सगळं दर पर्वात बदलत गेलं.

मूकपटांच्या काळात नावं रंगवलेल्या पाट्यांवरून सांगितली जायची. १९५५ मध्ये सॉल बास या ग्राफिक डिझायनरने ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ या सिनेमासाठी कागदी कापकामाच्या पट्ट्या हलवल्या, आणि नावं दाखवतानाच गोष्टीचा सूर लावता येतो हे ठसठशीतपणे दिसलं. टीव्हीची गरज मात्र उलटी होती. स्वयंपाकघरात असलेल्या माणसालाही धून ऐकून कळायला हवं की आपली मालिका लागली. म्हणून ती शक्यतो बदलायची नाही. आपल्या दैनंदिन मालिकांचं शीर्षकगीत वर्षानुवर्षं तेच राहतं, ते याचसाठी.

२००२ ते २००८ या काळात एचबीओवर आलेल्या ‘द वायर’ने या दोन्ही गरजा एकत्र भागवल्या, म्हणून मला तिचं उदाहरण सर्वांत पटतं. मालिका बाल्टिमोर शहराची. निर्माता डेव्हिड सायमन तिथल्याच वर्तमानपत्राचा माजी बातमीदार. प्रत्येक पर्वात तो शहराचा नवा भाग उघडतो: अमली पदार्थांचा धंदा, मग बंदर, मग राजकारण, शाळा, शेवटी वर्तमानपत्र. टायटल्समधली दृश्यंही त्या त्या पर्वाची, बहुतेक हातांची, वस्तूंची, यंत्रांची. चेहरे जवळजवळ नाहीतच. दुसऱ्या पर्वात बंदरातले कंटेनर आले, तेव्हाच प्रेक्षकाला कळलं की गोष्ट आता इकडे वळली.

गाणं मात्र एकच, टॉम वेट्सचं ‘वे डाउन इन द होल’. पहिल्या पर्वात ते ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामाच्या आवाजात आहे, दुसऱ्यात खुद्द वेट्सच्या, तिसऱ्यात नेव्हिल ब्रदर्सच्या. चौथं पर्व शाळेचं, म्हणून बाल्टिमोरच्याच किशोरवयीन मुलांकडून ते खास गाऊन घेतलं. ते कोवळे आवाज ऐकले की पुढे या पोरांचं काय होणार, या विचाराने पोटात खड्डा पडतो. पाचव्यात स्टीव्ह अर्ल गातो. मालिकेत व्यसनातून सावरलेल्या वॉलनची भूमिका करणाराही तोच.

टायटल्समधली कलाकारांची नावंही दर पर्वात बदलतात, त्याचं कारण जास्त व्यवहारी. सुरुवातीच्या नामावलीत त्या पर्वासाठी करारबद्ध असलेले मुख्य कलाकार येतात. तिसऱ्या पर्वाअखेर स्ट्रिंगर बेल मरतो, आणि चौथ्याच्या टायटल्समध्ये त्याची भूमिका करणाऱ्या इद्रिस एल्बाचं नाव नाही. उलट, एखाद्या जुन्या पात्राचं पुढे काय होणार हे लपवायचं असेल, तर हीच यादी घात करू शकते. नवं पर्व लागताच कोणाचं नाव गळलं हे शोधणारे प्रेक्षक असतातच.

शेवटच्या भागात, अखेरच्या दृश्यमालिकेवर, पहिल्या पर्वाचाच आवाज परत येतो: ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा.