कासवाच्या डोक्यातला पत्ता सरकतो तेव्हा

समुद्री कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम आला की एक बातमी हमखास येते: मादी कासव वीस-पंचवीस वर्षांनी आपल्या जन्मस्थळी परतलं! मग मातृभूमीची ओढ, माहेरची आठवण, असं सगळं ओघाने येतंच. ओढ असेलही, पण नुसत्या ओढीने हजार किलोमीटरचा समुद्र पार करून वाट सापडत नाही. शिवाय ती मादी तिथेच जन्मली होती हे कोणी पाहिलं होतं? अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू तळहातावर मावतं. त्याला अडकवलेली पट्टी त्याच्या अंगापुरती, आणि मोठं होऊन ते शंभर किलोच्या पुढे जाणार.

खात्री पटली ती जनुकांमुळे. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. 1990 मध्ये अटलांटिकमधल्या हिरव्या कासवांचा हा डीएनए तपासला, तेव्हा वेगवेगळ्या किनाऱ्यांवर अंडी घालणाऱ्या माद्यांची मातृवंशाची घराणी वेगळी निघाली. माद्या दुसऱ्या अनुभवी माद्यांच्या मागे मागे जाऊन किनारा निवडत असत्या, तर ही घराणी केव्हाच मिसळून गेली असती. म्हणजे लेक खरंच आईच्या किनाऱ्यावर येते.

का येते, याचं उत्तर सोपं आहे. वाळू पुरेशी गरम आहे का, भरतीचं पाणी खड्ड्यात शिरतं का, हे समुद्रातून पाहून कळत नाही. अंडी दोन महिने वाळूत पडून असतात आणि आई केव्हाच निघून गेलेली असते. चांगल्या किनाऱ्याची एकच भरवशाची खूण तिच्याजवळ आहे: 'मी इथे जन्मले आणि जगले.' खरी गंमत आहे ती पुढच्या प्रश्नात. ती हा किनारा शोधते कशी?

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं नसतं. चुंबकसूची मधोमध टांगून मोकळी सोडली तर विषुववृत्ताच्या आसपास ती आडवी राहते, उत्तरेकडे जाल तसं तिचं टोक खाली झुकत जातं आणि चुंबकीय ध्रुवावर ती सरळ उभी होते. क्षेत्राची तीव्रताही ठिकाणागणिक बदलते. किनारा उत्तर-दक्षिण पसरलेला असेल, तर त्याच्या प्रत्येक पट्ट्याला स्वतःचा झुकाव आणि स्वतःची तीव्रता मिळते. हा त्या पट्ट्याचा चुंबकीय पत्ता. पिल्लू हा पत्ता जन्मतःच मनात ठसवतं आणि मोठेपणी तो जुळेपर्यंत पोहतं, अशी कल्पना नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले केनेथ लोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये मांडली.

कल्पना छान, पण तपासायची कशी? पिल्लावर प्रयोग करून ते परत येण्याची वाट पाहायची तर संशोधकच निवृत्त होईल. इथे पृथ्वीची एक खोड मदतीला आली. तिच्या पोटातल्या वितळलेल्या लोखंडाच्या हालचालींमुळे हे क्षेत्र वर्षानुवर्षं हळूहळू सरकत असतं. म्हणजे किनारा जागच्या जागी आणि पत्ता मात्र हललेला. कासव पत्ता शोधत असेल, तर तेही पत्त्याबरोबर सरकायला हवं.

आता हे जरा सावकाश पाहू. समजा, किनाऱ्यावर दोन ठिकाणं आहेत, चाळीस किलोमीटर अंतरावर. मधल्या पट्ट्यात 400 घरटी होतात, म्हणजे किलोमीटरला दहा. काही वर्षांनी क्षेत्र सरकलं आणि या दोन टोकांचे जुने पत्ते एकमेकांच्या जवळ आले. आता त्यांच्यात फक्त बत्तीस किलोमीटर उरले. मधल्या प्रत्येक मादीचा पत्ता या बत्तीस किलोमीटरमध्येच कुठेतरी आहे. त्याच 400 घरट्यांची आता दाटी होणार: किलोमीटरला साडेबारा. दुसरीकडे पत्ते लांब गेले असतील तर तिथे घरटी विरळ होणार. म्हणजे कासवाला हातही न लावता, नुसत्या चुंबकीय नकाशावरून आधीच सांगता येतं की दाटी कुठे होईल आणि विरळ कुठे.

फ्लोरिडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर लॉगरहेड कासवांच्या घरट्यांची मोजणी वर्षानुवर्षं होते. रॉजर ब्रदर्स आणि लोमन यांनी 1993 ते 2011 अशा 19 वर्षांच्या नोंदी घेतल्या, त्यांवर क्षेत्राचे बदल चढवले आणि 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. जिथे पत्ते जवळ आले होते तिथे घरट्यांची दाटी वाढली होती. जिथे ते लांब गेले होते तिथे ती कमी झाली होती. माद्या एकूणच वाढल्या असत्या, तर दोन्हीकडे वाढ दिसायला हवी होती. मला या अभ्यासाचं कौतुक यासाठी वाटतं की प्रयोग पृथ्वीने केला आणि माणसांनी फक्त घरटी मोजली.

याच तर्काची दुसरी बाजू आणखी मजेशीर आहे. फ्लोरिडा हे द्वीपकल्प. समान झुकावाची रेषा त्याला आडवी छेदून जाते, त्यामुळे पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या काही जागांचे पत्ते जवळजवळ सारखे असतात. पत्त्यावर विसंबणारी मादी एखादे वेळी चुकून पलीकडच्या किनाऱ्यावर जाणार. 2018 मध्ये जनुकं तपासली तेव्हा तसंच दिसलं. दोन ठिकाणच्या कासवांमधलं नातं ओळखायला त्यांच्यातल्या अंतरापेक्षा पत्त्यांतलं साम्य जास्त उपयोगी पडलं.

कासव असा पत्ता शिकू शकतं, हे 2025 मध्ये टाकीतही दिसलं. लहान लॉगरहेडना तारांच्या वेटोळ्यांनी तयार केलेल्या दोन चुंबकीय क्षेत्रांत सारखाच वेळ ठेवलं, पण खायला एकाच क्षेत्रात दिलं. पुढे नुसतं ते क्षेत्र चालू केलं, अन्नाचा कणही नाही, तरी कासवं डोकं पाण्याबाहेर काढून, तोंड उघडून, पुढचे वल्हे फडफडवत गोल गोल फिरायला लागली. खाणं मिळणार म्हणून चाललेला नाचच तो.

हे वाचून कोणी सांधेदुखीवर चुंबकाचं कडं विकायला आलं, तर त्याला दारातूनच वाटेला लावा. कासवाला जाणवणारं पृथ्वीचं क्षेत्र फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाच्या क्षेत्राच्या जेमतेम शंभराव्या हिस्स्याएवढं असतं. त्याला ते कळतं, म्हणून आपल्या गुडघ्यालाही चुंबकाने बरं वाटेल, असं होत नाही.

या पत्त्याला मर्यादाही आहेत. फ्लोरिडाच्या अक्षांशावर झुकाव एक अंशाने बदलायला साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटर जावं लागतं. म्हणून चुंबकाने किनाऱ्याचा पट्टा सापडतो, नेमका खड्डा नाही. शेवटच्या टप्प्यात वास आणि नजर कामाला येत असावी. 'त्याच जागी परतलं' ही बातमी म्हणूनच थोडी फुगवलेली असते. एकाच हंगामात एकच मादी चार-पाच किलोमीटरच्या फरकाने घरटी करते. ऑलिव्ह रिडले आणि लेदरबॅक तर याबाबतीत आणखी ढिले असतात.

ही गोष्ट संवर्धन करणाऱ्यांच्याही कामाची आहे. कोल्हे-कुत्र्यांपासून अंडी वाचवायला घरट्यावर लोखंडी जाळीचा पिंजरा ठेवायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. असा पिंजरा आतलं चुंबकीय क्षेत्र बिघडवतो, हे 2004 मध्ये मोजून दाखवलं गेलं. त्याने परतीवर किती परिणाम होतो ते सांगायला त्या पिल्लांची पंचवीस-तीस वर्षं वाट पाहावी लागेल. तोवर जाळी प्लॅस्टिकची घेतली तर अंडी तेवढीच सुरक्षित राहतात आणि पत्त्यालाही धक्का लागत नाही.